न दिलेली सुई

माझ्या डॉक्टरकीत मी दिलेल्या औषधांचं कौतुक अनेकांनी केलं. मला स्वतःला मात्र एका न दिलेल्या सुईचीच आठवण जास्त येते. ती दिली असती तर एक बाई माझ्या डोळ्यांदेखत गेली असती. दिली नाही यात माझं श्रेय काडीचंही नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नुकतीच डॉक्टर होऊन मी सोलापुरात एका जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकायला राहिले होते. गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात दोन खोल्यांचा दवाखाना. सगळे त्यांना अप्पा म्हणत. घरात कन्नड, दवाखान्यात मराठी, आणि घाईत असले की दोन्हींची भेसळ. कुणी फार उतावीळ झालं की अप्पा म्हणत, "तडी." म्हणजे थांब. पहिल्या आठवड्यात हा शब्द त्यांनी रुग्णांना जितका ऐकवला त्याहून जास्त मला ऐकवला. मी तशी तापट. थांबणं म्हणजे डॉक्टरला काही येत नाही याची कबुली, असं माझं ठाम मत होतं.

एक दिवस चाळिशीची एक बाई आली. माहेर माढ्याकडचं, नवरा गिरणीत. ती घरी शेंगाचटणी करून दुकानात द्यायची. नाक चोंदलेलं, गाल ठणकत होते, वाकलं की कपाळ फुटेल असं दुखायचं. पिवळाहिरवा शेंबूड, अंगात थोडी कणकण. चौथा दिवस होता.

"बाई, सुई द्या की," ती मला म्हणाली. "वासच येईना. काल सगळा घाणा करपला, कळलं सुदिक न्हाय. शेंगदाणं भाजताना नाकच तर काम करतंय की."

मी रीतीप्रमाणे विचारलं, "कधी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का?"

"न्हाय ओ. उलट माहेराला एक सुई दिली हुती, लई गुण आला. पेन्सिलीनची. तीच द्या."

सायनस सुजलंय हे उघड होतं, शेंबूड पिवळा म्हणजे जंतू हे मी ठरवून टाकलं होतं, रांग दारापर्यंत गेली होती. उकळलेली काचेची सिरिंज मी चिमट्यानं उचलली. सुई देण्याआधी कातडीवर थेंबभर टोचून पाहायची पद्धत असते. त्या गर्दीत मी तेही टाळलं असतं, मी स्वतःला ओळखते. पेनिसिलिनच्या बाटलीत मी पाणी सोडत होते तेवढ्यात मागून आमचं बोलणं ऐकत असलेल्या अप्पांचा आवाज आला, "तडी."

अप्पांनी बाईला खिडकीपाशी बसवलं. दोन्ही गाल अंगठ्यानं दाबले, वरच्या दाढा टिचकीनं वाजवल्या, नाकात बॅटरी मारली. पापण्या सुजल्यात का, नजर दोन-दोन दिसते का, मान वाकते का, हे सगळं पाहिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर्दीतसुद्धा शेंबूड चार-पाच दिवसांत पिवळा होतो. रंगावरून जंतू ओळखता येत नाहीत. बहुतेकांचं आपोआप निवळतं. दहा दिवस गेले तरी हलेना, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा उलटलं, तर औषध. मोठा ताप चढला तर त्याआधीही. तोवर वाफ, मिठाच्या पाण्यानं नाक धुणं आणि दुखण्यावर गोळी."

बाईला त्यांनी वेगळ्या भाषेत सांगितलं. डोळा सुजला, दोन-दोन दिसू लागलं, मान आखडली, उलट्या झाल्या, तर हातातला घाणा टाकून यायचं. नाहीतर चुलीजवळ भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ मारायची आणि दर दोन-तीन रेघांनी तोंड दाखवायचं. बाई फुगून गेली. मीही फुगले. मनात म्हटलं, म्हातारा हातातला रुग्ण समोरच्या डॉक्टरला देऊन बसणार.

सातव्या रेघेला बाई हसत आली. ताप नाही, ठणका निम्म्यावर. अप्पांनी मला पुढचा रुग्ण बोलवायला सांगितलं. टोमणा मारला असता तर बरं, असं मला झालं.

पण नवव्या रेघेला ती डोकं धरून आली. पुन्हा ताप, उजवा गाल हात लावू देईना, त्याच बाजूच्या दाढा ठणकत होत्या, नाकातून घट्ट घाण. "उलटलं," अप्पा म्हणाले. "आता थांबायचं नाही. काय देशील?"

मी या प्रश्नाची वाटच पाहत होते. अँपिसिलिनच्या कॅप्सूल, सायनसमधल्या नेहमीच्या जंतूंना लागू पडणाऱ्या. चिठ्ठी लिहूनही टाकली. "निवड बरोबर आहे," अप्पा म्हणाले, आणि बाईकडे वळले. त्यांनी त्रासाबद्दल विचारलंच नाही. हातातला चष्मा पुसत गप्पा मारल्यासारखं म्हणाले, "काय गं, माहेरच्या त्या सुईचा गुण कसा आला होता?"

बाईचा चेहरा त्या दुखण्यातही खुलला. "लई पावरफुल हुती! पायाला पत्रा लागला हुता. सुई दिली आन् पाच मिनिटांत सगळ्या अंगावर ह्या एवढ्या गांधी उठल्या. ओठ सुजलं, दम कोंडला, डोळ्यापुढं अंधार. सगळी म्हणली, अंगातली उष्णता भाईर पडली. तितल्या डॉक्टरनं आनी दोन सुया दिल्या तवा शुद्धीवर आले. अशी सुई पुन्हा कुटं मिळाली न्हाय बगा."

पेनिसिलिननं तिला मरणाच्या दारात नेलं होतं, आणि ती त्यालाच गुण समजत होती. मी त्रास विचारला होता, तिनं खरं तेच सांगितलं होतं.

अप्पांनी माझी चिठ्ठी शांतपणे फाडली. "अँपिसिलिन पेनिसिलिनचंच भावंड. हिला तेही नको." दिवस गेलेले नाहीत ना, एवढं विचारून त्यांनी डॉक्सिसायक्लिन लिहिलं. पहिल्या दिवशी दोन कॅप्सूल, मग रोज एक. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, दुधाबरोबर नाही, आणि गिळून लगेच आडवं व्हायचं नाही. तिच्या केसपेपरवर त्यांनी लाल शाईनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पेनिसिलिन नको', आणि तसाच कागद तिच्या हातातही दिला.

"एवढी चांगली सुई आन् नगं म्हंता?" ती कुरकुरली.

"चांगली नाही गं, तिनं तू मरत होतीस," अप्पा म्हणाले. "हा कागद प्रत्येक डॉक्टरला दाखवायचा. विसरलीस तर जिवाला मुकशील." मग तिला पटेपर्यंत त्यांनी तेच तीनदा सांगितलं. रांग खोळंबली, कुणीतरी खाकरलं, अप्पांनी ढुंकूनही पाहिलं नाही. इतकी विद्या आणि इतका धीर एका माणसात मी त्यानंतर फारदा पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला होता. कॅप्सूल संपवून ती आली तेव्हा हातात कागदाची पुडी होती. "वास आला, बाई! शेंगदाणं भाजलं आन् नाकाला कळलं."

अप्पा आत हात धूत होते. चटणीची पुडी तिनं माझ्या हातात ठेवली आणि तोच हात दोन्ही हातांत धरला. "सुईचा हट मीच धरला हुता. तुमीच दिली न्हाईसा म्हनून वाचले. लई गुण हाय ह्या हाताला."

तोच उजवा हात होता, सिरिंज धरलेला. तिला खरं न सांगताच मी पुडी आत नेऊन अप्पांच्या टेबलावर ठेवली.