कड्यावर राहिलेला फोन

"मी जिथे उभा होतो तिथेच उभा होतो, आणखी काय सांगू?" सोफ्रोन एकदा म्हणाला होता. गावाबाहेरच्या लोकांना हे बोलणं उद्धट वाटलं. आम्हाला ते फक्त थकलेलं वाटलं.

सोफ्रोन लुंगुलेस्कू आमच्या खोऱ्यातला फोटोवाला. चाळीस वर्षं त्याने लग्नं काढली, बाप्तिस्मे काढले, आणि मयतंही. उघड्या शवपेटीभोवती उभं राहून सगळं घर कॅमेऱ्याकडे बघतं, ती आमच्याकडची रीत. त्याच्या दोस्ताची, गाव्रिलची, बायको गेली तेव्हा गाव्रिलला ताठ उभं राहता येईना. सोफ्रोनने कॅमेरा तिपाईवर ठेवला, जाऊन त्याच्या काखेत हात घातला आणि कॅमेऱ्याला जोडलेल्या तारेचं बटण दुसऱ्या हाताने दाबलं. त्या फोटोत म्हणून तोही आहे. गाव्रिलच्या भिंतीवर तो फोटो अजून आहे.

म्हातारपणी त्याने माणसं सोडली आणि तो तोडलेल्या झाडांचे फोटो काढायला लागला. गावाच्या वर काळी दरी आहे. तिच्यात बीच जातीची झाडं होती, आमच्या आजोबांच्या आजोबांहून जुनी. दरी राखीव. वरचा कडा मात्र लाकूड कंपनीला तोडीसाठी दिलेला. कंपनी कड्यावर तोडायची आणि हळूच दरीत उतरायची. परवानगीच्या झाडाच्या बुंध्यावर वनखात्याच्या हातोडीचा ठसा असतो. दरीत तोडून उरलेल्या खोडांवर तो नव्हता. सोफ्रोन गुडघे टेकून त्या कोऱ्या खोडांचे फोटो काढायचा.

पहिली तक्रार फेटाळली गेली. फोटोतलं खोड दरीतलं की दुसरीकडचं, कशावरून? मग शहरातल्या जंगल वाचवणाऱ्या संस्थेची इलिंका आली. तिने त्याला फोन दिला आणि त्याच्या कॅमेऱ्याशी बिनतारी जोडून दिला.

"काका, ठिकाण फोनला कळतं. फोन ते कॅमेऱ्याला सांगत राहतो, आणि तुम्ही बटण दाबलं की कॅमेरा ते फोटोत लिहून टाकतो. फोन खिशात असू द्या, बस्स."

"मग फोटो फोननेच काढू की."

"काढा. पण कोर्टात ठसा आहे की नाही ते स्पष्ट दिसायला हवं ना? ते तुमच्या कॅमेऱ्यातच दिसतं."

"पोरगी हुशार आहे," सोफ्रोन मला म्हणाला. "लग्न झालं असेल तर फोटो कुणी काढले विचार."

त्या शरदात तो आणि गाव्रिल कड्यावर गेले. गाव्रिलकडे फोन नव्हता. आमच्या डोंगरात एक नियम आहे: दरीत एक जण उतरला, तर फोन वर राहणाऱ्याकडे. खाली फोन लागत नाही. खाली अस्वलं आहेत, करवतवाले आहेत. ओरडणं ऐकू आलं तर वरच्याने मदत बोलवायची. हा नियम फोन आले तेव्हापासूनचा, आणि तो पाळल्याने गावातले दोन जण वाचलेही आहेत. सोफ्रोनने उतरण्याआधी गाव्रिलचा एक फोटो काढला, फोन छातीशी धरलेला, दातांत सिगारेट.

"हा मात्र कुणाला दाखवू नकोस," गाव्रिल म्हणाला. "पोरगा कंपनीचाच ट्रक चालवतो."

"तुझं थोबाड कोण बघतंय? खोडं बघतात."

सोफ्रोन उतरला. खाली त्याने तीसेक खोडांचे फोटो काढले. मधूनमधून तो फोटो उघडून बघत होता. प्रत्येकाखाली ठिकाणाचे आकडे होते. आकडे आहेत म्हणजे काम झालं, असं त्याला वाटलं. लांबलचक आकडे कोण वाचतो? पण फोन लांब राहिला की ती जोडणी तुटते, आणि तो कॅमेरा शेवटचं मिळालेलं ठिकाण काही काळ तसंच धरून बसायचा. दरीतल्या ओढ्याकाठी काढलेल्या प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याने कड्याचं ठिकाण लिहिलं. गाव्रिल जिथे सिगारेट ओढत होता, तिथलं.

कुणी ते ताडून पाहिलं नाही. संस्थेने फोटो जोडले, तक्रार केली. सुनावणी लागेपर्यंत कंपनीने दरीतली खोडं यंत्राने उपटली आणि उतार सपाट केला. आता दाखवायला फोटोंशिवाय काहीच उरलं नव्हतं. दरीचा वरचा अर्धा भाग मात्र अजून उभा होता. निकाल विरुद्ध गेला, तर तोही हिवाळ्याआधी जाणार होता.

सुनावणीला मी त्याच्या शेजारी बसलो होतो. कंपनीच्या वकिलाने भिंतीवर नकाशा उजळला.

"लुंगुलेस्कू महाशय, हे सगळे तुमचे फोटो. नकाशावर किती ठिपके दिसतात?"

सोफ्रोनने चष्मा लावला. "एक."

"एकच! तीस खोडं एका ठिपक्यावर. आणि ठिपका कुठे? कड्यावर, आमच्या परवानगीच्या हद्दीत. तुम्ही काय, एका दगडावर बसून जंगल स्वतःभोवती फिरवत होता?"

मागे कुणीतरी हसलं.

इलिंकाने उठून सगळं समजावलं. ठिकाण फोनचं असतं, कॅमेऱ्याचं नाही. आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे आहेत, हाच पुरावा की जोडणी तुटली होती. ती कुठेही चुकली नाही.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "मग फोन वर कुणाच्या हातात होता?"

"गाव्रिलच्या," सोफ्रोन म्हणाला.

गाव्रिलला बोलावलं. तो रविवारचा कोट घालून आला होता. न्यायाधीशबाईंनी बजावलं की खोटी साक्ष दिली तर तुरुंग. त्याने मान हलवली.

"त्या दिवशी तुम्ही कड्यावर होतात?"

"नाही, बाईसाहेब. कंबर धरली होती. घरी पडून होतो."

"फोन तुमच्याकडे होता?"

"मला फोन वापरताच येत नाही. सोफ्रोनला विचारा. म्हातारा झालाय, दिवस चुकला असेल."

त्याने सोफ्रोनकडे पाहिलं नाही. दरवाजाजवळ त्याचा मुलगा उभा होता, कंपनीचं जाकीट घातलेला.

सोफ्रोनने मांडीवरचा कॅमेरा सुरू केला. बटण दाबत तो मागे मागे गेला: खोड, खोड, ओढा, खोड. मग थांबला. पडद्यावर गाव्रिल होता. कडा, आकाश, छातीशी फोन, दातांत सिगारेट. खाली तारीख, तेच आकडे. त्या एका फोटोत मात्र ठिकाण खरं होतं. हा फोटो त्याने कुणाला दिला नव्हता. सांगितलं होतं ना, दाखवू नकोस.

मी त्याच्या कोपराला हलकेच ढोसलं. "दे की," मी पुटपुटलो. "सोफ्रोन, दे."

तो फोटोकडे बघत राहिला. मग मान वर करून गाव्रिलच्या कोटाकडे पाहिलं. बायकोच्या मयताच्या वेळी त्याने घातलेला तोच कोट, आता खांद्यांवर सैल झालेला.

"लुंगुलेस्कू महाशय," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तुमच्या म्हणण्याला आणखी काही आधार आहे? नसेल तर मला हे फोटो बाजूला ठेवावे लागतील."

इलिंका मागे वळून त्याच्याकडे बघत होती. तिला त्या फोटोचं काहीच माहीत नव्हतं. वकील कागद गोळा करू लागला होता.

सोफ्रोनने कॅमेरा बंद केला. पडदा काळा झाला, त्यात क्षणभर खिडकी दिसली. त्याने लेन्सवर झाकण बसवलं, पट्टा गळ्यात अडकवला, आणि बाकावरून उठला. गाव्रिलच्या इतक्या जवळून गेला की गाव्रिलने अंग चोरलं. दरवाजातून मुलगा बाजूला सरकला. सोफ्रोन बाहेर पडला.