चिमटेकाकांचा सोमवारचा तुकडा

आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, चिमटा असायचा. नमुने उचलायचा बारीक, स्टीलचा चिमटा. म्हणून ते चिमटेकाका. खरं नाव पगारपत्रकावर असेल. आम्ही कधी विचारलं नाही. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. पोरापोरींनी बनवलेल्या पातळ थरांमधून वीज सोडायची, चुंबकात धरायचं आणि आडवं व्होल्टेज मोजायचं.

काम दिसायला सोपं होतं. काचेच्या चौकोनी तुकड्यावर आपला थर, केसापेक्षाही शेकडो पटींनी पातळ. चार कोपऱ्यांवर इंडियम या मऊ धातूचे चार ठिपके, प्रत्येकाला एक तार. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून प्रवाह द्यायचा, उरलेल्या दोघांमध्ये व्होल्टेज बघायचं. चुंबक चालू केला की धावणारे कण एका बाजूला ढकलले जातात आणि तिथे थोडंसं व्होल्टेज साठतं. किती साठलं त्यावरून कण किती आहेत ते कळतं. जितके कमी कण तितकं जास्त व्होल्टेज. थराचा रोध वेगळा मोजला की ते किती सहज पळतात तेही निघतं. आणि व्होल्टेज उणे आलं की अधिक, त्यावरून कण कोण ते ठरतं: ऋण इलेक्ट्रॉन, की त्यांच्या रिकाम्या जागा, ज्या धन असल्यासारख्या वागतात.

"ठिपके कधीच नेमके समोरासमोर बसत नाहीत गं," काका म्हणायचे. "म्हणून चुंबक उलटा करून पुन्हा मोजायचं. दोन्हींतला फरक तेवढा खरा. बाकी सगळा गोंगाट."

माझा थर झिंक ऑक्साइडचा होता. हे द्रव्य स्वभावानेच इलेक्ट्रॉनवालं. त्याला धन बनवायचं म्हणजे रेड्याकडून दूध काढण्यासारखं. साडेचार वर्षं मी तेच करत होते. लग्न पुढे ढकललं होतं, आईशी बोलणं जवळजवळ बंद होतं आणि जीभ इतकी तिखट झाली होती की कँटीनमधला पोरगासुद्धा चहा ठेवून पळायचा.

त्या आठवड्यात चुंबकाची दुरुस्ती होती. एक वेटोळं जळलं होतं. कारागीर गुरुवारी दुपारी काम संपवून गेला. माझा ताजा थर तयार होता आणि तो हवेत खराब होईल या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता.

"उद्या बघू," काका म्हणाले. "आधी आपला तुकडा लावतो."

हा काकांचा नेम. एका डबीत सिलिकॉनचा एक तुकडा होता, त्यात इलेक्ट्रॉन धावतात हे पक्कं ठाऊक असलेला. दर सोमवारी आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर आधी तो मोजायचा. आकडा आणि चिन्ह दोन्ही जुळलं तरच पुढचं.

"अहो काका, तुकडा लावून, गार करून, दोन तास जातील! चुंबक तोच, तारा त्याच. तुमच्या नेमापायी माझा थर मरेल. सोमवारी लावा ना तुमचा लाडका तुकडा!"

मी अक्षरशः ओरडले. त्यांनी डबी हातात धरून माझ्याकडे पाहिलं, मग ती खाली ठेवली आणि माझा थर लावला.

दीड मिलिव्होल्ट. अधिक. चुंबक उलटा केला, प्रवाह उलटा केला, सरासरी काढली, अधिकच. घनसेंटिमीटरला दहाचा सतरावा घात, आणि सगळे धन. शुक्रवारी पुन्हा मोजलं, तेच. मी रडले. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आमचे सर, जे विभागप्रमुखही होते, त्यांनी शनिवारी लेख पाठवूनही दिला.

सोमवारी सकाळी काकांनी मला बोलावलं. चुंबकाजवळ डबी उघडी होती.

"बस," ते म्हणाले. "सिलिकॉनचा तुकडा अधिक दाखवतोय."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी चुंबकामध्ये छोटं होकायंत्र धरलं. काटा चुंबकावरच्या लाल खुणेच्या उलट फिरला. कारागिराने चुंबकाच्या दोन्ही केबली अदलाबदल करून जोडल्या होत्या. ज्याला आम्ही चुंबकाचं सुलटं क्षेत्र म्हणत होतो ते उलटं होतं. आकडा एका पैनेही बदलत नाही, फक्त चिन्ह फिरतं. क्षेत्र मोजायची सळई आम्ही कशीही घालायचो आणि नुसता आकडा बघायचो.

"म्हणजे माझा..."

त्यांनी सोल्डरिंग आयर्न तापवलं, मीटरचं अधिक टोक त्याच्यासकट माझ्या थरावर टेकवलं, उणे टोक लांब गार भागावर. मीटर अधिकात गेला. गरम जागेतून इलेक्ट्रॉन गार जागेकडे पळाले की गरम टोक धन होतं. इलेक्ट्रॉनच. साधे, नेहमीचे. दोन मिनिटांची ही तपासणी मला येत नव्हती असं नाही. पण हवं ते उत्तर मिळाल्यावर त्याची उलटतपासणी कोण करतो?

"केबली बदलून टाका," मी म्हणाले. "कोणाला कळणार आहे?"

हे मी बोलले. माझ्या तोंडून हेच शब्द निघाले.

"तुला कळलंय, मला कळलंय," काका म्हणाले. "चल सरांकडे."

इथे एक सांगायला हवं. काका महिनाअखेर निवृत्त होणार होते. काकूंचं आजारपण लांबलं होतं आणि त्यांना अजून दोन वर्षांची मुदतवाढ हवी होती. अर्ज सरांच्या टेबलावर पडून होता. नुसती सही बाकी होती.

सरांनी सगळं ऐकलं. चेहरा काळाठिक्कर. लेख मागे घ्यावा लागणार, लोक हसणार. मग त्यांनी विचारलं, "दुरुस्तीनंतर तुकडा का नाही लावला? तुमचा तर नेम आहे ना?"

मी काकांच्या शेजारी उभी होते. माझ्या चपलेचा अंगठा उसवला होता, तो मी पाहत राहिले. एक वाक्य बोलायचं होतं: सर, मी लावू दिला नाही. पण गाईड तेच, प्रबंधावर सही तेच करणार, आणि साडेचार वर्षं नुकतीच पाण्यात गेली होती.

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "राहून गेलं साहेब. माझा आळस."

"एकतीस वर्षांनी आळस?" सर म्हणाले.

त्या अर्जावर सही झाली नाही. मला मात्र सरांनी आणखी एक वर्ष दिलं. झिंक ऑक्साइड धन का होत नाही यावरच मी प्रबंध लिहिला, आणि तो बरा झाला म्हणे.

निरोपाचा चहा वाचनालयाच्या खोलीत झाला. सर घड्याळाकडे बघत काकांबद्दल तीन वाक्यं बोलले. मग त्यांनी मला सांगितलं, तू काकांबरोबर सगळ्यात जास्त काम केलंस, तू बोल. मी उठले. समोर सगळा विभाग होता, काकू पहिल्या रांगेत, पदर सावरत. हीच वेळ होती, याहून चांगली कधी येणार नव्हती. मी काकांच्या मायेबद्दल बोलले, त्यांच्या शिस्तीबद्दल बोलले, त्यांच्या चिमट्यावर एक विनोदही केला. लोक हसले. मी खाली बसले.

काका खुर्ची सरकवून माझ्याजवळ आले.

"छान बोललीस गं," ते म्हणाले, आणि काकूंचा हात धरून हळूहळू जिना उतरून गेले.