पाचाच्या जागी दोन नऊ

शलाका शिर्के रागावली की आवाज चढवत नसे, उलट खाली आणत असे. दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरी हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक धाकटा दीर रणवीर सोडून.

कॉलेजातून बाहेर पडल्यापासून ती एकाच कंपनीत होती. कंपनीचे सर्व्हर क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या भाड्याच्या यंत्रांवर चालत. ते बंद पडू न देणं हे तिचं काम. कुठे लग्नात पंगतीला बसली तरी लॅपटॉप मांडीशी असायचा. आता कंपनी बडोद्याचं ऑफिस बंद करून हैदराबादला निघाली होती. नवरा कुणाल बाजव्याला रिफायनरीत, त्याला हलता येणार नव्हतं. इथेच नोकरी मिळाली तर संसार एकत्र राहणार, नाही तर दोन शहरांत.

तिने एका पानाचा रेझ्युमे केला. एकशे ऐंशी सर्व्हर. अपटाइम, म्हणजे सर्व्हर चालू राहण्याचं प्रमाण, ९९.९५ टक्के. चाचणीची यंत्रं रात्री आपोआप बंद करणारी आणि सकाळी चालू करणारी स्क्रिप्ट स्वतः लिहिलेली. त्या स्क्रिप्टमुळे आणि गरजेपेक्षा मोठी यंत्रं लहान केल्यामुळे क्लाउडचं बिल एकतीस टक्क्यांनी उतरलेलं. रणवीर नोकऱ्या लावून देणाऱ्या एजन्सीत होता. "द्या वहिनी, मी पाठवतो," म्हणाला, आणि तिने दिला.

अलकापुरीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात मुलाखतीला बसली तेव्हा समोरच्या निरुपमा मॅडमनी कागद फिरवून तिच्यापुढे धरला. त्या कंपनीच्या ऑपरेशन्सच्या प्रमुख होत्या. शेजारी एचआरचा सलील.

"दोन हजार सर्व्हर. अपटाइम ९९.९९९. म्हणजे वर्षाला जेमतेम पाच मिनिटं बंद," मॅडम म्हणाल्या. "आणि डेटाबेस एकाच ठिकाणी, फक्त शेजारी एक राखीव? मुख्य बंद पडला की राखीव त्याच्या जागी यायलाच एक-दोन मिनिटं खातो. वर्षात चार वेळा तसं झालं की संपलं. कसं जमवलंत?"

शलाकाने कागद वाचला. मांडणी तिची, नाव तिचं, आकडे कुणाचेच नाहीत. बचतसुद्धा साठ टक्के झाली होती.

"हे मी लिहिलेलं नाही," ती हळू म्हणाली, आणि खरे आकडे सांगितले. "माझं ९९.९५ आहे. महिन्याला बावीस मिनिटांच्या आत. आणि ते आम्ही पाळलंय."

"प्रामाणिक आहात," सलील म्हणाला. "पण माहिती चुकीची निघाली की प्रक्रिया तिथेच थांबते. नियम आहे."

"मग खऱ्या आकड्यांचा रेझ्युमे घ्या."

मॅडमनी चष्मा काढला. "खऱ्या आकड्यांनी तुम्ही इथे पोचलाच नसता. पाचशेपेक्षा कमी सर्व्हर लिहिलेले रेझ्युमे सॉफ्टवेअरच गाळून टाकतं."

"म्हणजे खरं लिहिणाऱ्याला तुम्ही दारातूनच परत पाठवता, आणि खोटं लिहिणाऱ्याला चहा पाजून हाकलता," शलाका म्हणाली. "ही गाळणी कुणी लावली?"

सलीलने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी कागदाकडे. शलाकाने पर्स उचलली.

घरी रणवीर ओट्याला टेकून फरसाण खात होता. "काय वहिनी, पार पडलं ने?"

"९९.९५ चे ९९.९९९ कुणी केले, भाऊजी?"

"मीच. अरे, एक पाच काढून दोन नऊ घातले, एवढंच. दहावीतसुद्धा लोक अर्ध्या टक्क्यासाठी पेपर पुन्हा तपासून घेतात."

"हे मार्क नाहीत. हे मी बांधून घेतलेलं काम आहे. वर्षाला पाच मिनिटांचं वचन देऊन महिन्याला बावीस मिनिटं बंद ठेवलं तर गिऱ्हाईक दंड लावतं."

"बधा आवुंज करे छे, वहिनी. सगळेच करतात, मी तर रोज करतो. तुम्ही हो म्हणून टाकायचं होतं."

"रोज करता." तिचा आवाज आणखी उतरला. "आणखी कुठे पाठवलाय?"

त्याचं चघळणं थांबलं. "सात ठिकाणी."

"लॅपटॉप उघडा."

तो उघडेपर्यंत ती खुर्चीमागे उभी राहिली. प्रत्येक कंपनीला एकच मजकूर: आधी पाठवलेल्या रेझ्युमेतले आकडे चुकीचे आहेत, खरा सोबत जोडला आहे. मजकूर तिने सांगितला, त्याने टाइप केला. सहा गेले. सातव्याशी तो अडखळला.

"हे मकरपुऱ्याचं राहू द्या. सोमवारी बोलावलंय. पगारही चांगला आहे. दादा, तू तरी सांग."

कुणाल दारात उभा होता. त्याने बायकोकडे पाहिलं, आणि त्याला काय हवंय ते तिला दिसलं. त्याचा राग तिला रणवीरपेक्षाही जास्त आला.

"तू पण?" तिने विचारलं.

"मी काही म्हटलं नाही, शलाका."

"तेच."

तिने दिराच्या हाताखालून लॅपटॉप ओढला आणि सातवं स्वतः पाठवलं.

मकरपुऱ्याहून तासाभरात उत्तर आलं. सोमवारची वेळ रद्द. रणवीरने फरसाणाची वाटी उचलून नळाखाली धरली. शलाका हैदराबादच्या भाड्याच्या खोल्या बघत बसली, आणि त्या रात्री तिने कुणालचं ताट वाढलं नाही.