शिडी खिडकीपुढून जाईपर्यंत

संकलक योआकिमचं गुद्रुनकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते डेन्मार्कमधल्या ऑर्हुस शहरातल्या संध्याकाळच्या फिल्मवर्गात. पडद्यावरच्या विनोदाला सगळा वर्ग हसत होता, आणि चर्चमध्ये देखरेखीचं काम करणारी ही बाई, अंगातला कोटही न काढता, पडद्याकडे पाठ करून लोकांचे चेहरे बघत होती.

"अगं, पडदा तिकडे आहे."

"हसू इकडे आहे," ती म्हणाली.

तिला एकच लघुपट करायचा होता. तिच्या वडिलांना, थोरवाल्डना, शेजाऱ्यांच्या वस्तू मागून आणायची आणि परत न द्यायची खोड होती. त्यांच्या दफनानंतर घरी कॉफी झाली. शेजाऱ्यांनी एकेक करून आईचा हात हातात घेतला, "भला माणूस होता" म्हणाले. शेवटचा येनूस. तोही तेच म्हणाला, आणि भिंतीला टेकवलेली आपली शिडी खांद्यावर घेऊन गर्दीतून निघून गेला. त्या दिवसापासून आईने नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. लघुपटाने ते नाव पुन्हा तिच्या तोंडून निघेल, नाहीतर आई कायमची दुखावेल. मधलं काही गुद्रुनला दिसत नव्हतं.

योआकिमने संहिता वाचली. "पाच शेजारी कशाला? पहिल्याने रीत कळते, दुसऱ्याने पक्की होते, तिसऱ्याने मोडायची. चौथ्याची वाट बघताना प्रेक्षक जांभई देतो."

"पण पाचही आले होते रे! कुणाला गाळू? सगळे बघायला येणार आहेत."

"दोघांना मागे केक खाऊ दे. आणि शिडीवरचं येनूसचं नाव सुरुवातीलाच, सहज दिसू दे. मागून सांगितलंस तर खुलासा होईल, विनोद नाही."

चित्रीकरण झालं, जोडलेली फिल्म वर्गाला दाखवली. शिडी उचलली जाताच हशा पिकला, आणि आईचं काम करणाऱ्या नटीचं "अजून कॉफी?" त्यात बुडून गेलं. गुद्रुन पुन्हा पाठमोरीच बसली होती. "लोक अजून हसतायत, आणि आपण पुढे निघालो."

योआकिमने न वापरलेले तुकडे धुंडाळले. चित्रीकरणात येनूस झालेल्या नटाला थांबवायचं सगळेच विसरले होते. तो शिडी घेऊन चालतच राहिला होता. मग योआकिमने पडद्यावरच्या आईचा निश्चल चेहरा तसाच धरून ठेवला. हसू ओसरू लागलं की तिच्या मागच्या खिडकीपुढून शिडी सरकू लागे, संपता संपेना. ती दिसेनाशी झाली की मगच कॉफीचं वाक्य.

चर्चच्या सभागृहात लघुपट दाखवला त्या संध्याकाळी गुद्रुन आईशेजारी बसली, मान खाली घालून. चेहरे बघायचं काम योआकिमने केलं. लोक हसले, थांबले, खिडकीपाशी पुन्हा हसले. आईचा चेहरा पडद्यावरच्यासारखाच दगडी होता.

दिवे लागले. आई उठली.

"येनूस! त्या शिडीच्या दोन पायऱ्या माझ्या थोरवाल्डने नव्या बसवल्या होत्या. तेवढ्या परत आण."

सभागृह हशाने दणाणलं. गुद्रुन मात्र हसली नाही. तिने आईचा हात धरला.

गुद्रुन अजून त्याच चर्चमध्ये काम करते. रविवारी आईकडे जेवते. दुसरा लघुपट तिने केलेला नाही.