सगळं झकास म्हणणारा बॉट

ऑफिसात त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. बारा वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून कंटाळल्या, तेव्हा शेअरचे व्यवहार करणाऱ्या या चार टेबलांच्या ऑफिसात त्या प्रोग्राम लिहायला आल्या. माणसांविषयीचं मत मात्र कॉलेजातूनच घेऊन आल्या होत्या: दहातल्या नऊ जणांना उत्तर नकोच असतं, धीर हवा असतो.

साहेब त्या नवांतले पहिले. बाईंचा प्रोग्राम बाजार उघडल्यापासून आपला आपण शेअर घ्यायचा, विकायचा. तरी दर दहा मिनिटांनी केबिनच्या दारातून मान बाहेर यायची, "बाई, चालू आहे ना?" एकदा तर बाथरूमच्या दारावर थाप पडली.

यावर तोडगा काढला साहेबांच्या मेहुण्याने. त्याच्या कार्डावर 'तंत्रज्ञान प्रमुख' असं छापलेलं होतं आणि त्याचं तंत्रज्ञान त्या कार्डावरच संपत होतं. त्याने दोन दिवसांत एक चॅट बॉट बनवला. मोबाइलवर 'स्टेटस' लिहिलं की लगेच उत्तर यायचं, 'सगळं झकास!' वर नाचणारा हत्ती. साहेब खूश. बाईंनी कोड उघडून पाहिला. प्रोग्राम मशीनवर सुरू आहे की नाही, एवढंच तो बॉट बघत होता.

"मेलेल्याच्या खोलीत दिवा जळतोय म्हणून तब्येत ठणठणीत म्हणण्यासारखं आहे हे," त्या म्हणाल्या.

"ताई, तुम्हाला साधेपणाचं वावडं आहे," मेहुणा हसत म्हणाला.

आठवडाभरात बाईंनी स्वतःचा बॉट उभा केला. त्यांचा प्रोग्राम दर पाच सेकंदांनी एका छोट्या तक्त्यात आपली हकिगत लिहायचा: शेवटचा भाव कधी आला, शेवटची ऑर्डर कधी गेली, हातात किती शेअर आहेत. बॉट त्यापासून वेगळा चालायचा, म्हणजे प्रोग्राम कोसळला तरी सांगायला कोणीतरी उरावं. तक्ता तो फक्त वाचायचा. खरेदी-विक्रीला हात लावायची त्याला मुभाच नव्हती. ठरवून दिलेल्या तीन मोबाइल खात्यांखेरीज कोणी काही विचारलं तर गप्प बसायचा. आणि माहिती शिळी असेल तर तसं स्पष्ट सांगायचा.

साहेबांनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. "हत्ती नाही का यात?"

त्या मंगळवारी बाजार तापला होता. अकराच्या सुमारास साहेबांनी दोन्ही बॉटना विचारलं आणि हातात मोबाइल धरून बाहेर आले.

"मेहुण्याचा म्हणतो झकास. तुमचा म्हणतो, 'स्थिती माहीत नाही'. एवढ्या पगारात हे उत्तर?"

"वरच्या ओळी वाचल्या का?"

त्यांनी अर्थातच वाचल्या नव्हत्या. बाईंनी मोबाइल घेतला. 'प्रोग्राम: चार सेकंदांपूर्वी नोंद. शेवटचा भाव: नऊ मिनिटांपूर्वी. शेवटची ऑर्डर: वीस सेकंदांपूर्वी. हातात: ५५० शेअर.'

सकाळी शंभर होते.

खुर्ची मागे पडली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी आधी प्रोग्राम बंद केला, मग ब्रोकरच्या स्क्रीनवर जाऊन अर्धवट राहिलेली ऑर्डर रद्द केली, मग तिथला शेअरचा आकडा आपल्या तक्त्याशी ताडून पाहिला. भाव आणणारी जोडणी गुपचूप गोठली होती. बाजार वर चालला होता, आणि प्रोग्राम नऊ मिनिटांपूर्वीचा स्वस्त भाव ताजा समजून दर मिनिटाला पन्नास शेअर महागात उचलत होता.

"पण माझा बॉट चुकला नाही हं," मेहुणा मागून म्हणाला. "प्रोग्राम चालूच होता."

"हो. तुम्हीही चालूच असता, पाच वर्षं झाली," बाई म्हणाल्या.

त्याने कार्डांचा डबा उगाच सरळ केला.

पण टेबलापाशी बसल्यावर बाईंना स्वतःचाच तिटकारा आला. भाव जुना असेल तर ऑर्डर द्यायची नाही, ही एका ओळीची अट प्रोग्राममध्ये नव्हतीच. बॉटला शिळं काय ते कळत होतं आणि व्यवहार करणाऱ्या प्रोग्रामला नाही. दोन्ही त्यांनीच लिहिलेले. इतरांना नापास करण्याच्या नादात आपली उत्तरपत्रिका त्यांनी तपासलीच नव्हती. एखाद्या विद्यार्थ्याने हे केलं असतं तर वर्गासमोर त्याची सालं काढली असती.

त्यांनी ती अट घातली, जोडणी मुद्दाम तोडून दोनदा पाहिली आणि मगच केबिनमध्ये गेल्या.

"चूक माझ्या प्रोग्रामची होती," त्या म्हणाल्या. "आता भाव थांबला की तोही थांबेल."

साहेबांनी मान हलवली. त्यांना एवढं ऐकायचंच नव्हतं. "ते ठीक आहे हो. पण ते 'माहीत नाही' जरा बरं दिसत नाही. 'थोड्या वेळाने कळवतो' असं करता येईल?"

"नाही."

मेहुण्याचा बॉट त्याच दुपारी बंद झाला. साहेब मात्र आठवडाभर हत्तीची आठवण काढत राहिले.