पाच आठवडे उशिराचा ईस्टर

"आधी हात बघायचा, मंग वाढायचं," म्हणत तो पळी हवेतच धरून थांबायचा. खोपोलीला वीजघराचं बांधकाम चालू होतं, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती कामगारांच्या खानावळीत हा भिसेगावचा आचारी होता आणि मी कारकून. जेवणाआधी क्रुसाची खूण करताना कोण कसा हात फिरवतो, यावरून तो माणसाचा पंथ ओळखायचा. ते ज्ञान मी न मागताच मला पाजायचा.

"तिघांचा येशू एकच, भाऊ. गोव्याचा मिस्त्री कपाळ, छाती, मंग डावा खांदा, मंग उजवा. त्यो कॅथलिक, रोमच्या पोपाला मानतो. शुक्रवारी मटान नाय, मासळी चालती. ग्रीक फिटर आधी उजवा खांदा. त्यो ऑर्थोडॉक्स, पोपाचा हुकूम मानत नाय. बुधवार-शुक्रवार मटान, मासळी, अंडं, दूध, कायबी नाय. इंग्रज प्रोटेस्टंट, हात फिरवीतच नाय. पोप नको, संतांना साकडं नको, बायबल आपलं आपन वाचायचं. त्याला वाढा काय पन!"

गोव्याच्या पाद्र्याला बायको नाही, इंग्रजाच्या पाद्र्याला आहे, एवढं त्याचं पाठ होतं. ग्रीकाचा बापच पाद्री निघाला तेव्हा तो दोन दिवस गोंधळला. लग्न झालेल्याला त्यांच्यात पाद्री होता येतं, पाद्री झाल्यावर मात्र लग्न नाही, हे कळल्यावर म्हणाला, "हुशार मानसं!"

एवढ्या विद्वानानं ईस्टरला माती खाल्ली. येशू पुन्हा उठला तो हा दिवस, आधीचा मोठा उपास या दिवशी सुटतो. त्यानं तिघांनाही कोंबडी न् अंडी वाढली. ग्रीकानं ताट हळूच सरकवलं. त्यांचा सण जुन्या पंचांगानं, त्या साली पाच आठवडे उशिरा.

आचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "उपास मोडला असता रं मी त्याचा," तो म्हणाला. मग, "आपल्यातबी एकादशी दोन येत्यात की! स्मार्ताची येगळी, भागवताची येगळी. मला कळाया पायजे व्हतं."

पाच आठवडे त्यानं ग्रीकाला वालाचं बिरडं आणि भाकरी घातली. ग्रीकाच्या गावी ईस्टरला तांबडी अंडी एकमेकांवर आपटतात. इथं त्याच्याबरोबर आपटायला कुणी नव्हतं. आचाऱ्यानं कांद्याच्या सालीत अंडी उकडून तांबडी केली आणि एक मुठीत धरून समोर उभा राहिला. "ख्रिस्त उठला," ग्रीक म्हणाला. "खरंच उठला," हा म्हणाला. उत्तर काय द्यायचं ते आधीच विचारून आला होता. ग्रीकाचं अंडं फुटलं आणि त्याला रडू आलं.

काम संपल्यावर ग्रीक गेला. दर साली त्याच्या ईस्टरची तारीख पत्रानं यायची, ती मी वाचून दाखवायचो आणि त्या दिवशी आचारी तांबडी अंडी करायचा. एका साली पत्र आलंच नाही. दोन्ही ईस्टर कधी एकाच दिवशी येतात, कधी पाच आठवड्यांपर्यंतही अंतर पडतं. म्हणून आचाऱ्यानं मिस्त्रीच्या ईस्टरपासून ओळीनं सहा रविवार तांबडी अंडी केली. "एक तरी बरोबर पडंल," तो म्हणाला. ती आम्ही दोघं आपटायचो, दर वेळी माझंच अंडं फुटायचं.

आता तोही नाही. मला त्याची फार आठवण येते. मी अजून कांद्याच्या साली टाकू देत नाही. दर साली त्या सहाही रविवारी एक अंडं तांबडं करतो आणि ते तसंच, न फुटलेलं, ताटात राहतं.