कंसातलं नाव

जाऊबाईंनी तासगावच्या वाटंची अर्धा एकर जमीन घेतली, त्याच म्हयन्यात माजा मालक गेला. सासू-सासरं आधीच गेल्यालं, वाटणीही झाल्याली. मालकाच्या वाटणीचा एक एकर ऊस, मी आन दोन वर्साची पोरगी, एवढंच उरलं.

वारसनोंदीचा अर्ज मी तलाठ्याकडं दिला. त्येनं पोच दिली, ती मी ट्रंकंत घातली आन समजले, झालं काम.

म्हयन्याभरात जाऊबाई नवा सातबारा घिऊन आल्या. दीर आन त्या, दोगांची नावं. चटणी कुटतानासुदा कागद मांडीवर. माजं आतडं जळालं. दागिना घेतला आसता तर येवढं जळालं नसतं.

दुसऱ्या दिवशी तलाठ्याचा कोतवाल नोटीस घिऊन आला. "वहिनी, हितं सही करा." माज्या मनात आलं, ही जाऊबाईंचीच करणी, सही घिऊन माजी जमीन बी त्यांच्यात घालणार. पोरीला काखंत मारली आन मागच्या दारानं उसात पळाले. चारदा आला, चारदा पळाले.

कारखान्याचा माणूस उसाची नोंद घ्यायला आला तर म्हनला, "ताई, सातबारावर अजून दादांचंच नाव. गेलेल्या माणसाच्या नावावर नोंद कशी घिऊ?"

नाविलाजानं जाऊबाईंच्या दारात गेले. त्या हसल्या.

"अगं, पोच म्हंजे नोंद न्हवं. आमचं खरेदीखत झालं, मालकी आली, तरी नाव लागंस्तवर आमीबी थांबलो. तुजा उतारा आण."

उतारा काढला. त्यांनी खाली बोट ठिवलं. 'प्रलंबित फेरफार : होय.'

"नाव बदलायचा फेरफार आडकलाय. नोटिशीवर सही का केली न्हाईस?"

"तुमी जमीन घ्याल म्हनून."

"येडे! नोटीस पोचली एवढीच ती सही. पंधरा दिवस कुनाची हरकत आली न्हाई, की मंडल अधिकारी मंजूर करतो. तूच आडवून बसलीस गं!"

लाजंनं मेल्यागत झालं, आन रागबी त्यांचाच आला. समदं त्यांनाच कसं ठावं?

सही केली. पंधरा दिवस कुनी हरकत घेतली न्हाई, मग फेरफार मंजूर झाला. तरी मी आता नुसत्या कागदावर इसंबून न्हाई बसले, नवा उतारा काढून बघितला. खाली 'प्रलंबित फेरफार : नाही'. वर माजं नाव, पोरीचं नाव, तिच्या पुढं 'अज्ञान', म्हंजे वयानं लहान, आन पालक म्हनून मी. आठ-अच्या खातेउताऱ्यावरबी आमीच दोगी. कारखान्यात उसाची नोंद झाली.

सातबारावर आमच्या नावांच्या वर मात्र मालकाचं नाव कंसात गेल्यालं; कमी केल्यालं नाव कंसातच घालत्यात.

जाऊबाई बघाया आल्या. म्हनल्या, "झालं बग, आता कसली काळजी?"

मी त्यांचा उतारा मागून घेतला. दिराचं नाव आन त्यांचं नाव, शेजारी शेजारी. दोगांच्याबी नावाला कंस न्हाई. लय वेळ बघत बसले.